एक बी, एक पोळी आणि सेलेनियम

आम्हा दापोलीकरांना बिया मोजून खायची सवय नाही. मे महिन्यात ओले काजूगर उसळीत पडतात तेव्हा, किंवा एरवी भाजलेले गर डब्यात असतात तेव्हा, हात जेवढे घेईल तेवढे घ्यायचे हीच रीत. फार झाले तर पोट जड होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी ताक प्यायचं आणि विषय संपला. म्हणून भाच्याने परदेशातून ब्राझील नट्सचं पाकीट आणलं आणि मी घरात सांगितलं की ही बी दिवसाला एकच खायची, तेव्हा सगळ्यांनी माझ्याकडे "मास्तर आता खाण्यावरसुद्धा शिस्त लावणार" अशा नजरेने बघितलं. तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवल्यामुळे अशा नजरांची मला सवय आहे.

माईआत्याला मात्र ते पटेना. तिला थायरॉइडची गोळी चालू आहे, शिवाय कोणीतरी तिला सांगितलेलं की या बियांत सेलेनियम असतं आणि ते थायरॉइडला चांगलं. "अरे, चांगलं आहे म्हणतोस आणि एकच देतोस? सहा-सात खाल्ल्या तर काय बिघडणार आहे?" हा तिचा प्रश्न. प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर बी चांगली का आहे आणि जास्त झाली की वाईट का, ही दोन्ही उत्तरं एकाच ठिकाणाहून द्यावी लागतात. तेच इथे सविस्तर लिहितो, म्हणजे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना फोनवर वेगवेगळं सांगत बसायला नको.

आधी आकडे, पण थोडेच. सेलेनियम आपल्याला मायक्रोग्रॅममध्ये लागतं, म्हणजे एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात. भारतीय प्रौढ माणसाला दिवसाला साधारण ४० मायक्रोग्रॅम पुरतात असं आपल्या आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशी सांगतात. अमेरिकेत हा आकडा ५५ आहे. आता एक ब्राझील नट साधारण साडेचार ग्रॅमची असते आणि तिच्यात सरासरीने ७० ते ९० मायक्रोग्रॅम सेलेनियम निघतं. म्हणजे अर्धी बी खाल्ली तरी दिवसाचा हिशेब पुरा. आपल्या काजूशी तुलना करायची तर शंभर ग्रॅम काजूगरांत सेलेनियम असतं साधारण २० मायक्रोग्रॅम. एका ब्राझील नटची बरोबरी करायला सुमारे चारशे ग्रॅम काजू खावे लागतील. दापोलीतसुद्धा ते कोणी एका दिवसात खात नाही!

एकाच बीमध्ये एवढं सेलेनियम येतं कुठून? झाड ते स्वतः तयार करत नाही, ते जमिनीतून येतं. अमेझॉनच्या जंगलात, म्हणजे ब्राझील, बोलिव्हिया, पेरू या देशांत, ही प्रचंड उंच झाडं आपोआप वाढलेली असतात. फळ नारळाएवढं आणि नारळासारखंच कठीण कवचाचं. आत दहा ते पंचवीस बिया संत्र्याच्या फोडींसारख्या एकमेकींना खेटून बसलेल्या असतात. आपण खातो ती बी म्हणजे त्यातली एक फोड.

आता माझा जुना विषय. आवर्त सारणीत गंधकाच्या बरोबर खालच्या घरात सेलेनियम आहे. एकाच स्तंभातली ही दोन भावंडं, वागणुकीत बरीच सारखी. झाडाची मुळं जमिनीतून गंधक घेतात ते सल्फेटच्या रूपात. सेलेनियम जमिनीत सेलेनेटच्या रूपात असलं की ते त्याच दारातून आत शिरतं, मुळांना फरक फारसा कळत नाही. आत गेल्यावर झाड गंधकापासून मेथिओनिन नावाचं अमिनो आम्ल बनवतं. गंधकाच्या जागी सेलेनियम आलं तर तयार होतं सेलेनोमेथिओनिन. ब्राझील नटच्या प्रथिनांत मेथिओनिन आणि गंधकाची इतर अमिनो आम्लं विलक्षण जास्त असतात, त्यामुळे या बीमध्ये सेलेनियमला बसायला जागाही भरपूर मिळते.

यातूनच एक अडचण निघते. जमिनीत सेलेनियम कमी असेल तर बीमध्येही कमी उतरतं. ब्राझीलच्या वेगवेगळ्या राज्यांतल्या बिया तपासल्या तेव्हा मातो ग्रोसो राज्यातल्या बियांत ग्रॅममागे सुमारे दोन मायक्रोग्रॅम निघाले, तर अमेझोनास राज्यातल्या बियांत सुमारे सत्तर. म्हणजे एका बीमध्ये दहा मायक्रोग्रॅमही असू शकतात आणि तीनशेही. दिसायला दोन्ही सारख्याच, चवीलाही सारख्याच. पाकिटावर देशाचं नाव असतं, झाडाखालच्या मातीचं नसतं. त्यामुळे वर दिलेला ७० ते ९० हा आकडा सरासरीचा आहे, आपल्या हातातल्या बीचा नव्हे. आत्याला मी एवढंच म्हटलं की लॉटरीच्या तिकिटासारखं आहे हे, फक्त इथे मोठं बक्षीस लागणं चांगलं नाही.

शरीरात हे सेलेनियम करतं काय? जेवढं हवं तेवढं सेलेनियम शरीर मोडून, नव्याने जोडून, काही ठरावीक प्रथिनांत एका ठरावीक जागी बसवतं. सोनार अंगठीत खडा बसवतो तसं. माणसात अशा प्रथिनांची पंचवीस जनुकं आहेत. त्यातली काही प्रथिनं पेशींना नको असलेल्या पेरॉक्साइडपासून वाचवतात. काही प्रथिनं थायरॉइडच्या संप्रेरकातलं आयोडीन काढून त्याचं कामाचं रूप तयार करतात. आत्याला गोळीतून जे संप्रेरक मिळतं, तेही याच प्रथिनांच्या हातून पुढे जातं. तिला कोणी सांगितलेलं ते खोटं नव्हतंच.

पण अंगठ्या मोजक्याच असतात. सगळ्यांत खडे बसले की सोनाराचं काम संपलं. रक्तात ही प्रथिनं सेलेनियम वाढेल तशी काही पातळीपर्यंत वाढतात आणि मग थांबतात, पुढे कितीही सेलेनियम दिलं तरी वाढत नाहीत. न्यूझीलंडची जमीन सेलेनियमला गरीब आहे. तिथल्या संशोधकांनी माणसांना बारा आठवडे रोज दोन ब्राझील नट दिल्या. रक्तातलं सेलेनियम शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळीइतकंच चांगलं वाढलं. कमतरता असलेल्या लोकांनाही रोज दोन बिया पुरल्या, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं. आत्याच्या सहा-सात बियांमधल्या दुसरीपासून पुढच्या बिया थायरॉइडसाठी काहीच करणार नाहीत.

मग त्या करतात काय? इथे झाडाने केलेलीच चूक शरीर करतं. सेलेनोमेथिओनिन आणि साधं मेथिओनिन यांतला फरक शरीरालाही ओळखता येत नाही. मेथिओनिन जिथे जिथे लागतं तिथे, स्नायूंत, यकृतात, रक्तातल्या प्रथिनांत, ते सेलेनियमवालं अमिनो आम्ल जाऊन बसतं. ही जागा खड्याची नव्हे, नुसती साठवण. साठलेलं निघायलाही वेळ लागतो, या रूपातलं सेलेनियम निम्मं व्हायला आठेक महिने जातात. रोज थोडं जास्त खाल्लं तर रोज थोडी भर पडत जाते, आणि ती कळत नाही.

साठवण फार वाढली की बिघाड दिसू लागतो. पुष्कळदा तो केसांत आणि नखांत उठून दिसतो. केस आणि नखं ज्या प्रथिनाची बनतात त्या केराटिनला मजबुती येते ती गंधकाच्या एकमेकांत अडकलेल्या जोड्यांमुळे. तिथे गंधकाच्या ऐवजी त्याचं धाकटं भावंड घुसू लागलं की जोड्या नीट जमत नाहीत असं मानलं जातं. केस मुळाशी तुटतात, नखं ठिसूळ होतात, त्यांवर पांढरे आडवे पट्टे येतात, कधी नखच गळून पडतं. जास्तीचं सेलेनियम शरीर बाहेर टाकू बघतं तेव्हा ते श्वासातूनही जातं आणि त्याला लसणासारखा वास येतो. लसूण न खाता तोंडाला लसणाचा वास आणि जिभेवर धातूची चव, ही लवकर दिसणारी खूण. त्यापाठोपाठ मळमळ, जुलाब, थकवा, हातापायांना मुंग्या.

दक्षिण अमेरिकेत ब्राझील नटच्याच कुळातलं दुसरं एक झाड आहे, तिथले लोक त्याला "माकडाचा नारळ" म्हणतात. त्याच्या बिया खाऊन केस गळाल्याची उदाहरणं व्हेनेझुएलातले त्वचारोगतज्ज्ञ केर्देल-वेगास यांनी १९६० च्या दशकात नोंदवली. पण एवढ्या लांब जायची गरज नाही. केस गळण्याची घटना आपल्याच राज्यात घडली, आणि तिच्यात बी नव्हती, पोळी होती.

डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस अचानक गळायला लागले. आधी डोकं खाजायचं, मग तीन-चार दिवसांत हातात पुंजकेच्या पुंजके यायचे आणि टक्कल पडायचं. बायका, कॉलेजच्या मुली, लहान मुलं, कोणीच सुटलं नाही. कोणी म्हणे पाण्यातला नायट्रेट, कोणी म्हणे बुरशी. पोरींनी लाजेने डोकी भादरून घेतली, कॉलेजला जाणं सोडलं. काहींची ठरलेली लग्नं मोडली अशाही बातम्या आल्या. केसांच्या बाबतीत आपण किती सहज "त्यात काय एवढं" म्हणतो! त्या मुलींना विचारावं.

या प्रकरणाच्या मागे लागले ते महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर. विंचूदंशावरच्या उपचारामुळे आम्हा कोकणातल्या लोकांना त्यांचं नाव नवं नाही. दापोलीहून महाड तसं शेजारीच. त्यांनी गावांत जाऊन रुग्णांच्या रक्ताचे, लघवीचे, केसांचे आणि घरातल्या गव्हाचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला तो असा: अठरा गावांतल्या २७९ लोकांना हा त्रास झाला, रुग्णांच्या शरीरात सेलेनियम प्रचंड वाढलेलं होतं, जस्त मात्र कमी होतं, आणि संशय रेशनच्या गव्हावर. गव्हात एरवी किलोमागे ०.१ ते १.९ मिलिग्रॅम सेलेनियम असतं, या गव्हात निघालं १४.५२ मिलिग्रॅम. गहू धुऊन पुन्हा तपासला तेव्हाही १३.६१. बाहेरून काही फवारलेलं किंवा चिकटलेलं असतं तर धुण्याने बरंच गेलं असतं. हे दाण्याच्या आत होतं, प्रथिनात विणलेलं, ब्राझील नटमध्ये असतं तसंच. बावसकरांच्या म्हणण्याप्रमाणे हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला होता.

पंजाबचं नाव आलं की जमिनीचं काम करणाऱ्यांना ते अगदीच अनपेक्षित वाटत नाही. होशियारपूर आणि नवांशहर या पट्ट्यातल्या काही शेतांत शिवालिक टेकड्यांवरून वाहून आलेल्या गाळामुळे सेलेनियम फार आहे. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. तिथल्या त्या शेतांतला चारा खाऊन जनावरांचे केस गळतात, खूर फाटतात. सगळा पंजाब असा नाही हेही सांगायला हवं, काही गावांतली काही शेतंच तशी आहेत.

आता हा बुलढाण्याचा आकडा स्वयंपाकघरात आणून बघू. किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम म्हणजे ग्रॅममागे साडेचौदा मायक्रोग्रॅम. सरासरी ब्राझील नटमध्ये ग्रॅममागे एकोणीस असतात. म्हणजे तो गहू जवळजवळ ब्राझील नटइतकाच सेलेनियमचा होता! फरक एवढाच की ब्राझील नट आपण एखादी खातो आणि गहू पोटभर. एका पोळीला तीस ग्रॅम कणीक धरली तर एका पोळीत सुमारे ४३५ मायक्रोग्रॅम. कष्टाचं काम करणारा माणूस दिवसभरात दहा पोळ्या सहज खातो. त्याच्या पोटात चार हजार तीनशेच्या वर मायक्रोग्रॅम, आणि तेही रोज.

हा आकडा किती मोठा हे कळायला चीनकडे बघावं लागतं. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सेलेनियमयुक्त दगडी कोळशामुळे जमीन आणि पिकं विषारी झाली आणि गावंच्या गावं केस-नखं गमावून बसली. नंतर हिशेब केला तेव्हा लोकांच्या पोटात रोज सरासरी पाच हजारांच्या आसपास मायक्रोग्रॅम जात होते असं निघालं. शेगावच्या दहा पोळ्या आणि एन्शीचं रोजचं जेवण एकमेकांच्या इतके जवळ येतात. गंमत अशी की त्याच चीनमध्ये केशान नावाच्या भागात सेलेनियमच्या कमतरतेने मुलांची आणि बायकांची हृदयं निकामी होत होती.

चीनच्या याच अभ्यासांतून रोजची वरची मर्यादा ठरली. लक्षणं दिसून मग गेलेल्या काही रुग्णांचं मोजमाप पुन्हा केलं, रोज आठशे मायक्रोग्रॅमपर्यंत त्रास दिसला नाही, म्हणून सुरक्षिततेसाठी त्याच्या निम्मे, म्हणजे ४००, ही प्रौढांची मर्यादा अमेरिकेने धरली. युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२३ मध्ये ती आणखी खाली आणून २५५ केली. ही मर्यादा रोज, महिनोन्‌महिने खाण्याची आहे. म्हणजे कोणी एखाद्या दिवाळीत नकळत आठ बिया खाल्ल्या तर घाबरून दवाखाना गाठायला नको. तेच रोज सहा महिने केलं तर मात्र गाठावा लागेल.

आता आत्याचा हिशेब. रोज सहा बिया, प्रत्येकी सरासरी ८०, झाले ४८०. तिच्या जेवणात मासळी आठवड्यातून चार दिवस असते, आणि समुद्राच्या मासळीत सेलेनियम चांगलं असतं, शंभर ग्रॅम बांगड्यात चाळीसच्या आसपास. अंडी आहेतच. वर तिची एक जीवनसत्त्वांची गोळी, तिच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत सेलेनियम ७० मायक्रोग्रॅम लिहिलेलं. वेष्टन वाचायला मलाच चष्मा बदलावा लागला. एकूण गेलं सहाशेच्या जवळ, आणि बिया सेलेनियमवाल्या मातीतल्या निघाल्या तर त्याच्या कितीतरी वर. मासळीवर तर तिचं दिवसाचं काम आधीच होत होतं!

मी तिला म्हटलं, "आत्या, गोळी आणि बी यांतलं एकच काय ते ठेव, आणि बी ठेवलीस तर एक दिवसाआड एक." ती म्हणाली, "मग डॉक्टरांना विचारून ये." विचारलं. तिच्या डॉक्टरांनी जीवनसत्त्वांची गोळी बंद केली, थायरॉइडची चालू ठेवली आणि बीबद्दल माझ्याच मताला दुजोरा दिला. तरीही घरात श्रेय डॉक्टरांनाच गेलं. असो.

एक गोष्ट मात्र प्रत्येकाने लक्षात ठेवावी, कारण तिथे चांगला शहाणा माणूसही अडकू शकतो. केस गळण्याची कारणं अनेक, थायरॉइड हेही त्यातलं एक. केस गळताहेत म्हणून माणूस "केसांसाठी" म्हणून सेलेनियमच्या गोळ्या किंवा मूठभर बिया सुरू करतो. दोन-तीन महिन्यांनी केस आणखी गळतात, कारण आता कारण सेलेनियम झालेलं असतं. तो समजतो की अजून कमी पडतंय, आणि मात्रा वाढवतो. बाहेरून दोन्ही वेळा दिसतं तेच, हातात आलेला पुंजका. फरक ओळखायचा तो नखांवरून, तोंडाच्या लसणासारख्या वासावरून आणि शेवटी रक्ततपासणीवरून. या विषाला ठरावीक उतारा नाही. एकच उपाय, खाणं थांबवायचं आणि शरीराला साठा उतरवायला वेळ द्यायचा. केसांची मुळं सहसा शाबूत राहतात, त्यामुळे केस परत येतात. शेगावकडच्या बऱ्याच लोकांनाही काही आठवड्यांत नवे केस दिसू लागले. त्यांच्यापुढे खाणं थांबवण्याचा पर्याय आपल्याइतका सोपा नव्हता, कारण त्यांच्या ताटात ती रोजची पोळी होती. आपल्या ताटात ही एक बी आहे, आणि ती मोजणं आपल्या हातात आहे.